स्पीडटेस्टमध्ये ३८ दाखवते, तरी व्हिडिओ अडकते : प्रायव्हेट डीएनएस की लाइनच भरलेली?

कपाशीकाठ · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाव घाटंजी तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. घरी केबलवाल्याचं फायबर आहे, ४० एमबीपीएसचा प्लॅन. पोरगी नीटची तयारी करून राहिली, क्लासचे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ अ‍ॅपवर येतात. रात्री आठ वाजले की गंमत सुरू. व्हिडिओ लागते, दोन-तीन मिनिटं चालते, मग गोल चक्र फिरत बसते. पुन्हा थोडं चालते, पुन्हा चक्र. त्याच वेळी स्पीडटेस्ट लावली तर ३६-३८ येते.

केबलवाल्याले फोन केला. तो म्हणते, "काका, स्पीडटेस्टचा स्क्रीनशॉट पाठवा." पाठवला. तर म्हणते, "हे बघा, स्पीड तर पूर्ण येऊन राहिली. तुमच्या मोबाइलमधेच काहीतरी आहे." म्हणजे मीच पुरावा दिला आणि मीच केस हरलो.

भाचा म्हणाला Private DNS तपासा. पाहिलं तर तिथं `dns.adguard-dns.com` लिहिलेलं आहे. पोरीनं जाहिराती बंद करायला टाकलं होतं. हे काढलं तर फरक पडेल का? काढायचं म्हटलं की ती नाही म्हणते.

---

नेटगुरू_आर्वी · सोमवार, रात्री ९:५८

दादा, शंभर टक्के डीएनएस. जाहिरातवालं काढा आणि तिथं 1.1.1.1 टाका. स्पीड डबल होईल. मी गावातल्या वीस-पंचवीस मोबाइलात हेच करून दिलं आहे, सगळे खूश.

---

पाटलाचा_वाडा · सोमवार, रात्री १०:०४

अरे बाप्पा, ४० चा प्लॅन घेऊन रडून राहिले तुम्ही. आमच्याकडं टॉवरच्या भरवशावर जगणं चालू आहे. पाऊस आला की तेही जाते.

---

संत्राबाग · सोमवार, रात्री १०:१५

आमच्याकडे वरुडला अगदी हेच. मालिका लावली की टीव्ही अर्ध्यात थांबतो. मोबाइलवर Private DNS बंद केलं, तरी टीव्ही थांबतोच. आता काय करू?

---

ओएलटी_जुना · सोमवार, रात्री ११:१०

नागपुरात एका इंटरनेट कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बरीच वर्षं रात्रपाळ्या केल्या आहेत, त्या अनुभवावर लिहितो. एकेक घेऊ.

नेटगुरू, तुम्ही 1.1.1.1 नेमकं कुठं टाकलं? अ‍ॅन्ड्रॉइडच्या Private DNS च्या रकान्यात आकडे चालत नाहीत, तिथं नावच लागतं. क्लाउडफ्लेअरचं हवं असेल तर `one.one.one.one`, गुगलचं हवं असेल तर `dns.google`. वाय-फायच्या सेटिंगमध्ये आयपी स्टॅटिक करून आकडे टाकले असतील तर ती वेगळी जागा झाली, आणि ते फक्त त्या एका वाय-फायपुरतं लागू होतं.

आणि स्पीड डबल होत नाही. डीएनएसचं काम फक्त पत्ता सांगायचं. अ‍ॅप विचारतं, अमुक नावाचा सर्व्हर कुठं आहे, डीएनएस आयपी देतं आणि बाजूला होतं. पुढचा सगळा व्हिडिओ त्या सर्व्हरवरून थेट येतो, डीएनएसमधून तो जात नाही.

म्हणून मी पहिला प्रश्न हा विचारतो की व्हिडिओ अडतो कधी. प्ले दाबल्यावर सुरूच व्हायला आठ-दहा सेकंद लागतात आणि एकदा लागला की शेवटपर्यंत गुळगुळीत चालतो, तर डीएनएसवर संशय घ्या. चटकन सुरू होतो आणि मधेच दम तोडतो, तर बहुतेक वेळा लाइन भरलेली असते. कपाशीकाठ यांचं दुसऱ्या प्रकारातलं दिसतं. पण दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून विचारतो : सुरू व्हायला किती वेळ लागतो?

संत्राबाग ताई, मोबाइलमधलं सेटिंग मोबाइलपुरतंच. टीव्हीला त्याचा पत्ताही नसतो. तुमचा टीव्ही राउटरपासून किती लांब आहे ते सांगा, त्याचं वेगळं बोलू.

---

नेटगुरू_आर्वी · सोमवार, रात्री ११:२२

मी वाय-फायच्या आत टाकतो आकडे. पण फरक पडतो हे डोळ्यानं पाहिलं आहे, पुस्तकी नाही. पेज पटापट उघडतात.

---

ओएलटी_जुना · सोमवार, रात्री ११:३१

पेज पटापट उघडतात हे खरंच आहे. एका वेबपेजमागे वीस-तीस वेगवेगळी नावं विचारली जातात, आणि केबलवाल्याचा डीएनएस मठ्ठ असेल तर दरवेळी थांबावं लागतं. तिथं तुमचा उपाय लागू पडतो. पण तासाभराच्या व्हिडिओत नावं विचारली जातात ती मुख्यतः सुरुवातीला. चाळिसाव्या मिनिटाला चक्र फिरतं त्याचा दोष डीएनएसवर टाकता येत नाही.

---

कपाशीकाठ · मंगळवार, सकाळी ६:५०

पोरीले विचारलं. सुरू व्हायलाही वेळ लागते म्हणाली, रात्री जास्त. आणि मधे अडकते ते वेगळं. आत्ता सकाळी लावून पाहिलं, झटकन सुरू झालं आणि एकदाही थांबलं नाही. Private DNS तेच आहे, हात लावला नाही.

---

ओएलटी_जुना · मंगळवार, सकाळी ८:१५

तेच डीएनएस, तोच फोन, तेच अ‍ॅप, आणि सकाळी सुरळीत. म्हणजे बिघाड घड्याळाला बांधलेला आहे. फोनमधला दोष वेळ पाहून येत नाही. रात्री ८ ते ११ गावातली सगळी घरं एकदम नेटवर असतात, आणि तेवढ्याच वेळात हे होतं.

आता स्पीडटेस्ट खोटी का बोलते ते. ती खोटी बोलत नाही, तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. ती आपणहून सगळ्यात जवळचा सर्व्हर निवडते. बऱ्याचदा तो तुमच्याच कंपनीच्या किंवा तिला लाइन विकणाऱ्याच्या जिल्ह्याच्या ठिकाणी बसवलेला असतो. म्हणजे तुमचं घर ते यवतमाळ एवढाच रस्ता मोजला गेला. क्लासचा व्हिडिओ मात्र बहुधा मुंबईकडून येतो. नळाची नवी पाइपलाइन कितीही जाड टाकली तरी टाकीतच पाणी चढत नसेल तर घागर भरत नाही, तसं आहे हे. तुम्ही पाइप मोजून राहिले.

दुसरी गोष्ट. स्पीडटेस्ट एकाच वेळी बऱ्याच जोडण्या उघडून दहा-पंधरा सेकंद जोर लावते. व्हिडिओ अ‍ॅप साधारण एक-दोन जोडण्यांवर तासभर काम करतं. लाइन भरली की माहितीचे काही तुकडे, म्हणजे पॅकेट, वाटेत गळतात. गळती १०० मागे २ असली आणि जाऊन-येऊन ६० मिलीसेकंद लागत असले, तर साधी जुन्या धाटणीची टीसीपी जोडणी जेमतेम दीड-दोन एमबीपीएसच्या आसपास अडकते, प्लॅन ४० चा असो की ४०० चा. दहा जोडण्या लावल्या की बेरीज चांगली दिसते. एकटीला कुत्रं विचारत नाही.

आज रात्री ९ च्या सुमारास इतकं करा :

स्पीडटेस्टमध्ये सर्व्हरचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचा. मग सर्व्हर बदलून मुंबईचा, दुसऱ्याच कंपनीचा निवडा आणि पुन्हा मोजा. त्यानंतर ब्राउझरमध्ये `fast.com` उघडा. ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं, म्हणजे व्हिडिओ जिथून येतो तशा ठिकाणाहून. तुमच्याकडे नेटफ्लिक्स नसलं तरी चालतं.

घरी लॅपटॉप असेल तर त्यावर हे दोन चालवा, एकामागून एक :

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिला तुमच्या राउटरपर्यंत जातो, दुसरा गावाबाहेर. राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो टाका, राउटरखालच्या स्टिकरवर असतो. पहिल्यातच गळती दिसली तर घरातलं वाय-फाय तपासायचं, केबलवाल्याशी भांडायचं नाही. पहिला स्वच्छ आणि दुसरा खराब, तर पुढचं बोलू. तोवर Private DNS ला हात लावू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं बरं झालं ते कळत नाही.

---

मेळघाटी · मंगळवार, दुपारी १:०५

मी धारणीकडचा. आमच्याकडं फायबर नाही, मोबाइल डेटाच. टॉवरचे दांडे फुल दिसतात तरी रात्री व्हिडिओ चालत नाही. मीही Private DNS बंद करू का?

---

ओएलटी_जुना · मंगळवार, दुपारी १:४०

दांडे फक्त टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतो ते सांगतात. त्या टॉवरवर तुमच्याशिवाय किती जण लटकले आहेत ते त्यात दिसत नाही. तीन-चार गावं एकाच टॉवरवर असली की रात्री प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येतं. पण तुमच्या बाबतीत स्पीडटेस्टही रात्री पडत असेल. पडते का? आणि रोजचा डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर आणणारा प्लॅन आहे का तेही बघा. दिवसा पोरांनी रील पाहून डेटा संपवला की रात्री तेच दिसतं.

---

मेळघाटी · मंगळवार, दुपारी २:१०

स्पीडटेस्टही पडते. १ च्या खाली. डेटाचं पाहतो. लेकाच्या रील आहेतच.

---

पाटलाचा_वाडा · मंगळवार, दुपारी २:३०

रील म्हणजे घरचाच चोर निघाला राजेहो.

---

कपाशीकाठ · मंगळवार, रात्री ९:५०

केलं सगळं. आपणहून निवडलेला सर्व्हर यवतमाळचाच होता, त्यावर ३७. मुंबईचा दुसऱ्या कंपनीचा निवडला तर ४ च्या आत-बाहेर. `fast.com` वर ३.१. मी तर उडालोच.

पिंग : राउटरपर्यंत २-३ मिलीसेकंद, गळती शून्य. 8.8.8.8 ले सरासरी १४२, आणि ५० पैकी ३ आलेच नाहीत.

एक विचित्र गोष्ट. याच वेळी यूट्यूब बऱ्यापैकी चालून राहिलं. ७२० वर ठेवलं तर थांबत नाही. मग लाइन भरली कशी म्हणायची?

---

नेटगुरू_आर्वी · मंगळवार, रात्री १०:०२

बघा, यूट्यूब चालते म्हणजे नेट बरोबर आहे. क्लासच्या अ‍ॅपचाच सर्व्हर भिकार आहे.

---

ओएलटी_जुना · मंगळवार, रात्री १०:४५

नेटगुरूंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. एकच अ‍ॅप अडत असतं तर मीही आधी अ‍ॅपवरच संशय घेतला असता. पण `fast.com` ३ दाखवतं, मुंबईचा सर्व्हर ४ दाखवतो आणि 8.8.8.8 ची पिंग १४२ वर जाते. तिघांचा क्लासच्या अ‍ॅपशी काही संबंध नाही. शिवाय सकाळी तेच अ‍ॅप, तोच सर्व्हर सुरळीत चालतो.

यूट्यूब वाचतं त्याची दोन कारणं असू शकतात. गुगल मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या आतच आपले साठवणीचे सर्व्हर ठेवतं. लोक जास्त पाहतात ते व्हिडिओ तिथूनच मिळतात, भरलेल्या रस्त्यावर यावंच लागत नाही. तुमच्या केबलवाल्याला लाइन विकणाऱ्याकडे तसा सर्व्हर असेल. दुसरं म्हणजे यूट्यूबची पाठवण्याची पद्धत थोड्या गळतीनं लगेच घाबरत नाही. आणि ७२० ला साधारण अडीच एमबीपीएस पुरतात, १०८० ला पाच. तुमच्याकडे ३-४ येतात, म्हणजे ७२० काठावर निभतं. १०८० वर ठेवून बघा.

यूट्यूब अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये General खाली Stats for nerds सुरू करता येतं. मग व्हिडिओच्या मेन्यूतून ते उघडलं की Buffer Health दिसतं, पुढचे किती सेकंद आधीच उतरवून ठेवले आहेत ते. तो आकडा चढता किंवा स्थिर असला तर ठीक. हळूहळू उतरत शून्याकडे निघाला की चक्र फिरणार हे आधीच कळतं.

आता डीएनएसची पाळी. उद्या रात्री, लाइन भरलेली असतानाच, Private DNS `Automatic` करा आणि क्लासचं अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. सुरू व्हायला किती वेळ लागतो आणि मधे अडकतं का, दोन्ही वेगवेगळं लिहा.

---

संत्राबाग · बुधवार, सकाळी १०:२०

माझा टीव्ही राउटरपासून दोन खोल्या पलीकडे, मधे मातीची दीड हात जाड भिंत. मोबाइल राउटरजवळ धरला की तोच कार्यक्रम चालतो.

---

ओएलटी_जुना · बुधवार, सकाळी ११:००

मग ताई, तुमचा धागाच वेगळा. भिंत आहे ती. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढा, बहुतेक तिथंच मिटेल. रिपीटर घ्यायची घाई करू नका. तो भिंतीच्या टीव्हीकडच्या बाजूला ठेवला तर अर्धमेला सिग्नलच पुढे ढकलतो.

---

कपाशीकाठ · बुधवार, रात्री ९:३५

`Automatic` केलं. व्हिडिओ सुरू व्हायला काल आठ-नऊ सेकंद लागत, आता दोन-अडीच. हा फरक पोरीनंही मान्य केला. पण मधे अडकणं तसंच. यूट्यूब १०८० वर लावलं तर Buffer Health चाळीसवरून उतरत उतरत शून्यावर आलं आणि थांबलं. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच.

पण मग आधी डीएनएसमुळे उशीर का होत होता? सकाळी तर तेच डीएनएस असूनही झटकन सुरू होत होतं.

---

ओएलटी_जुना · बुधवार, रात्री १०:२०

कारण Private DNS चे प्रश्नही त्याच भरलेल्या रस्त्यानं जातात. नाव टाकून ठेवलं की फोन प्रत्येक नाव ८५३ नंबरच्या पोर्टवरून, कुलूपबंद जोडणीतून, त्याच दूरच्या सर्व्हरला विचारतो. आधी ती जोडणी उभी करायला दोन-तीन फेऱ्या लागतात. रात्री एक फेरी १४० मिलीसेकंदांची, त्यात एखादं पॅकेट गळलं की जवळपास सेकंदभर वाट पाहून पुन्हा पाठवायचं. अ‍ॅप उघडताना लॉगिन, चित्रं, व्हिडिओ, हिशोब अशी कितीतरी नावं विचारली जातात, मग आठ सेकंद सहज होतात. `Automatic` वर फोन केबलवाल्याच्याच डीएनएसला विचारतो. तो भरलेल्या रस्त्याच्या अलीकडे आहे आणि लोकांनी नुकतीच विचारलेली नावं त्याच्याकडे तयार असतात.

एक भेद लक्षात ठेवा. नाव टाकलेलं असताना तो सर्व्हर अजिबात भेटला नाही, तर अ‍ॅन्ड्रॉइड दुसरीकडे विचारत नाही. वाय-फाय जोडलेलं दिसतं आणि नेट नाही म्हणतं. तेव्हा स्पीडटेस्टही उघडणार नाही. म्हणजे स्पीडटेस्ट छान आणि बाकी सगळं बंद, असं फक्त Private DNS मुळे सहसा होत नाही. `Automatic` वर मात्र कुलूपबंद जमलं नाही तर फोन साध्या डीएनएसवर येतो.

आणि जाहिरात अडवणाऱ्या डीएनएसचा एक खास त्रास. काही अ‍ॅप व्हिडिओच्या मधे जाहिरात मागतात, ती मिळाली नाही की पडदा काळा करून तिची वाट पाहत बसतात. हे बफरिंगसारखंच दिसतं, पण दर वेळी त्याच मिनिटाला होतं. तसं दिसलं तर खुशाल डीएनएसला दोष द्या.

---

नेटगुरू_आर्वी · बुधवार, रात्री १०:३८

म्हणजे डीएनएस होतंच की थोडंफार. मी सुरुवातीलाच म्हणालो होतो.

---

ओएलटी_जुना · बुधवार, रात्री १०:४१

थोडंफार होतं, मान्य. उरलेलं केबलवाल्याचं आहे.

कपाशीकाठ, त्याला आता यवतमाळच्या सर्व्हरचा स्क्रीनशॉट पाठवू नका. एकाच रात्रीचे तीन पाठवा : यवतमाळ ३७, मुंबई ४, आणि पिंगची गळती. शेजारी सकाळचे तेच तीन. त्याला विचारा, वरून लाइन किती घेतली आहे आणि किती घरांत वाटली आहे. गावातली फायबर सहसा दोषी नसते. या छोट्या केबलवाल्यांकडे बऱ्याचदा ईपॉन नावाची फायबर वाटायची पद्धत असते, त्यात एका पोर्टवर एक हजार एमबीपीएसच्या आसपास मिळतात आणि ते तीस-साठ घरांना पुरतात. तंगी असते ती तो वरच्या कंपनीकडून महिन्याच्या भाड्यानं घेतो त्या लाइनची. तिथं पैसे वाचवायचा मोह होतो.

---

कपाशीकाठ · शुक्रवार, रात्री ८:५५

पाठवले. आधी दोन तास उत्तर नाही. मग फोन आला. म्हणते, "काका, वरची लाइन दिवाळीनंतर वाढवणार आहे, सध्या सगळ्यायलेच प्रॉब्लेम आहे." चार दिवसांपूर्वी माझ्या मोबाइलमधे होता. लेखी द्या म्हटलं, तर हसला.

सध्या पोरगी सकाळी पाचला उठून दिवसाचे व्हिडिओ अ‍ॅपमधेच डाउनलोड करून ठेवते. जाहिरातवालं डीएनएस तिनं पुन्हा टाकलं, डाउनलोड केलेल्याले त्यानं फरक पडत नाही म्हणते. तिचं बरोबर आहे का?

---

ओएलटी_जुना · शुक्रवार, रात्री ९:३०

बरोबर आहे. पाचला लाइन रिकामी असते, आणि उतरवलेल्या व्हिडिओला डीएनएस विचारायचं कारणच उरत नाही. फक्त अ‍ॅप उघडताना लॉगिन तपासतं, तिथं रात्री थोडं रेंगाळेल.

तक्रार तोंडी ठेवू नका. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. तिथं दाद नाही लागली तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, तेव्हा तो क्रमांक लागतो. आणि एक बघा, तो खरं बोलतो का त्याचा अंदाज येईल. रात्री हे चालवा :

```
tracert -d 8.8.8.8
```

यात वाटेतला एकेक राउटर एकेका ओळीत दिसतो. वेळ कोणत्या ओळीपासून वाढते आणि पुढच्या सगळ्या ओळींत तशीच वाढलेली राहते, ती ओळ महत्त्वाची. मधली एखादीच ओळ मोठी आणि पुढच्या लहान, तर तिच्याकडे दुर्लक्ष करा. काही राउटर उत्तर द्यायला आळशी असतात. पहिल्या दोन-तीन ओळींतच उडी असेल तर अडचण घाटंजी-यवतमाळच्या आत कुठंतरी आहे, आणि वरची लाइन वाढवून ती जायची नाही. पण तुमचा यवतमाळचा ३७ पाहता मला तसं वाटत नाही.

---

पाटलाचा_वाडा · शुक्रवार, रात्री ९:४४

माझ्या गावातही तोच केबलवाला येणार म्हणून खांब रोवून राहिले. मी आता त्याले पहिले हेच विचारतो, वरून किती घेतली. काय उत्तर आलं तर घ्यायचं कनेक्शन?

---

ओएलटी_जुना · शुक्रवार, रात्री १०:१०

आकडा तो सांगणार नाही, सांगितला तरी तपासता येणार नाही. त्यापेक्षा ज्याच्याकडे त्याचं कनेक्शन आहे अशा घरी रात्री नऊला चहाला जा आणि `fast.com` उघडा.